कॅप्शनची लांबी ठरवताना मी कमेंट का मोजते

सोशल मीडियाच्या कामाला लागले तेव्हा 'कॅप्शन छोटी ठेव, लोक वाचत नाहीत' हा सल्ला मला मिळाला होता. तो अर्धाच खरा निघाला.

घरातल्या झाडांविषयीचं एक इन्स्टाग्राम पेज मी सांभाळत होते. कुंडी कशी बदलायची याचं रील टाकलं आणि मातीत काय काय मिसळायचं ते कॅप्शनमध्ये सविस्तर लिहिलं. २४ कमेंट आल्या, त्यातल्या ९ जणांनी विचारलं, 'माती कोणती वापरली?' उत्तर तिसऱ्याच ओळीत होतं! आधी वैतागले, मग स्वतःच्या फोनवर रील उघडून पाहिलं. व्हिडिओखाली कॅप्शनची जेमतेम एक ओळ दिसत होती, आणि बोट तर पुढच्या रीलकडे जायला टपलेलंच असतं.

तीच माहिती पुढे सहा फोटोंच्या कॅरोसेलमध्ये दिली, कॅप्शन जवळपास तेवढीच लांब. या वेळी प्रश्न आले ते असे: 'शेणखत नसेल तर गांडूळखत चालेल का?' म्हणजे लोकांनी वाचलं होतं आणि वाचून पुढचं विचारत होते. कॅरोसेल पाहणारा आधीच थांबलेला असतो, स्वतःच्या गतीने फोटो सरकवतो. त्याला मजकूर जड जात नाही.

पूर्ण कॅप्शन उघडण्यासाठी 'more' वर किती जणांनी टॅप केलं हे इन्स्टाग्राम सांगत नाही. म्हणून मी कमेंटचे दोन ढीग करते: उत्तर कॅप्शनमध्ये असूनही विचारलेले प्रश्न आणि कॅप्शनच्या पुढचे प्रश्न. पहिला ढीग मोठा असेल तर कॅप्शन उघडलीच गेलेली नाही. कमेंट कमी असतील तर पोस्ट किती जणांनी सेव्ह केली या आकड्याला रीचने, म्हणजे ती किती जणांपर्यंत पोचली त्या आकड्याने, भागून पाहते. लाइक या कामाला निरुपयोगी, ते न वाचताही पडतात. तुलना मात्र एकाच प्रकारात करायची, लांब कॅप्शनच्या पाच-सहा रील विरुद्ध छोट्या कॅप्शनच्या पाच-सहा रील. एका पोस्टवरून काही ठरवू नका, विषयच लोकांना आवडलेला असू शकतो.

एका आकड्याने मी फसले होते. लांब कॅप्शनच्या एका छोट्या रीलचा सरासरी वॉच टाइम रीलच्या लांबीपेक्षा जास्त आला आणि मी खूश झाले. पण कुणी कॅप्शन वाचत असताना मागे व्हिडिओ फिरत राहतो, तसाच तो कृती नीट कळली नाही म्हणून पुन्हा पाहतानाही फिरतो. कमेंट वाचल्या तर दुसरंच कारण निघालं: हात फार भराभर चालत होते.

आता रीलमधली गरजेची गोष्ट मी व्हिडिओवरच लिहिते, कॅप्शन एका ओळीची. कॅरोसेलला मोकळेपणाने लिहिते, २२०० अक्षरांची मर्यादा सहसा आड येत नाही. फक्त सुरुवातीच्या साधारण १२५ अक्षरांत नेमका प्रश्न मांडते, कारण फीडमध्ये न उघडता तेवढंच दिसतं. एकट्या फोटोचं अजून ठरलेलं नाही. पिवळ्या पडलेल्या पानाच्या फोटोखाली लोक परिच्छेदभर वाचतात, नुसत्या सुंदर फुलाखाली दोन ओळीही नाहीत.