डोंगलमधल्या प्रीपेड सिमची तयारी: आधी नंबरची तारीख बघा

गरजेच्या वेळी इंटरनेट हाताशी असावं म्हणून जास्तीचं प्रीपेड सिम डोंगलमध्ये टाकून ठेवणार असाल, तर डोंगल चार्ज करा आणि वाय-फायचा पासवर्ड लिहून ठेवा. एवढं कुणालाही सुचतं. मलाही सुचलं होतं. राहून गेली ती नंबरच्या वैधतेची तारीख, म्हणून यादीत पहिली तीच.

कंपनीच्या ॲपमध्ये किंवा खात्याच्या पानावर जा आणि नंबरची वैधता कधी संपते ते शोधा. डेटा किती शिल्लक आहे ते बघून ॲप बंद करू नका. पानावर मोठ्या अक्षरांत ‘८ जीबी शिल्लक’ असतं आणि नंबरची तारीख कुठेतरी खाली, बारीक अक्षरांत. समजा नंबरची वैधता १० तारखेपर्यंत आहे आणि तुम्ही १ तारखेला ३० दिवसांचं डेटा व्हाउचर मारलंत. आपण धरून चालतो की महिनाभराची सोय झाली. पण नुसत्या डेटाच्या व्हाउचरने बहुतेक वेळा नंबरची मुदत वाढत नाही. १० तारीख उलटली की तो ८ जीबी कागदावर राहतो. रिचार्ज करताना प्लॅनच्या माहितीत ‘सेवेची वैधता’ लिहिलेली आहे का ते वाचा. नसेल तर तो प्लॅन या कामाचा नाही, कितीही स्वस्त असो.

ती तारीख मुख्य फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आठवडाभर आधीच्या गजरासकट. कंपनी मेसेज पाठवेलच, असं म्हणू नका. पाठवते, पण त्याच नंबरवर, आणि तो नंबर स्क्रीन नसलेल्या डोंगलमध्ये बसलेला असतो. बऱ्याच डोंगलच्या सेटिंगच्या पानावर मेसेजची पेटी असते. ब्राउझरमध्ये 192.168.8.1 किंवा डोंगलवर छापलेला पत्ता टाकला की ती दिसते. अधूनमधून उघडा. ॲपमध्ये पर्यायी संपर्क देता येत असेल तर रोजच्या वापरातला नंबर द्या. तरीही कॅलेंडरमध्ये तारीख हवीच.

मुदत संपली की नंबर त्याच क्षणी मरत नाही. आधी डेटा आणि जाणारे कॉल बंद होतात, येणारे कॉल काही काळ चालू राहू शकतात, मग नंबरच निष्क्रिय होतो. मधली सवलत किती दिवसांची हे कंपनीगणिक बदलतं, ते तुमच्या प्लॅनच्या अटींत बघा. पहिल्या टप्प्यात रिचार्जने काम भागतं, शेवटच्यात नाही. म्हणून डेटा थांबला तर सिम काढून फोनमध्ये टाका. कंपनीचं नाव आणि सिग्नलच्या दांड्या दिसतात, फक्त नेट नाही, तर बहुधा पॅक किंवा वैधता संपली आहे. ‘नो सर्व्हिस’ किंवा ‘SIM not provisioned’ दिसलं, तर दुसऱ्या फोनवरून त्या नंबरला कॉल करा. नंबर अस्तित्वात नाही असं ऐकू आलं की समजा, गेला. दुसरं चालू सिम त्याच फोनमध्ये चालत असेल तर शंकाच उरत नाही.

मग एपीएन ही नेटची सेटिंग बदलत बसू नका, विमान मोड चालू-बंद करत बसू नका. सिम खराब झालेलं नसतं, फोन ते नीट वाचतो, पिनसुद्धा विचारतो. पण चिपमध्ये मुख्यतः ओळख क्रमांक आणि गुप्त किल्ली असते. तुमचा नंबर त्या ओळखीला जोडणारी नोंद कंपनीच्या डेटाबेसमध्ये असते, आणि तीच काढलेली असते. वाय-फायचं चिन्ह भरलेलं दिसतं त्यालाही भुलू नका. तो तुमच्या फोनचा डोंगलशी संबंध आहे, डोंगलचा जगाशी नाही. आणि घाईघाईत रिचार्ज मारू नका. नंबर दुसऱ्या कुणाला दिला गेला असेल तर पैसे त्याच्या खात्यात जातील. आधी ग्राहक सेवेला विचारा, नंबर परत मिळतो का.

याच नंबरवर बँकेचे किंवा ईमेलचे ओटीपी येत असतील तर तो चालू असतानाच ते दुसऱ्या नंबरवर हलवा, नंतर कोड येणार कुठे? मेसेजिंग ॲप नंबर गेल्यावरही वाय-फायवर चालू राहू शकतं. ते काढून पुन्हा टाकू नका, आतूनच नंबर बदला. ई-सिम असलं तरी नंबरच्या मुदतीचं हेच. प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी डोंगल लावा, एक पान उघडून बघा, आणि ती तारीख पुन्हा एकदा बघा. नंबरची. डेटाची नाही.