बेबॉप आणि मोडल जॅझ: पेटीवर बोट ठेवून फरक कसा ओळखावा

राग ऐकणाऱ्या कानाला जॅझ अनेकदा गोंधळाचं वाटतं, आणि त्याचं कारण तानपुरा आहे. आपल्याकडे सा एकदा लागला की मैफल संपेपर्यंत हलत नाही, त्यामुळे गंधार हा गंधारच राहतो. जॅझमध्ये मात्र सुरांखालचा आधार, म्हणजे कॉर्ड (एकत्र वाजवलेले तीन-चार सूर), सतत बदलत असतो आणि त्यावर आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं असतं. बेबॉप आणि मोडल जॅझ ही या एकाच अडचणीची दोन उत्तरं आहेत. दोन्ही समजून घ्यायला पेटी किंवा कीबोर्ड आणि दोन ध्वनिमुद्रणं पुरतात. बेबॉपसाठी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं ‘को-को’, जे 26 नोव्हेंबर 1945 रोजी मुद्रित झालं, आणि मोडलसाठी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’, 2 मार्च 1959 रोजीचं. दोन्ही न्यूयॉर्कची.

आधी अडचण हाताला कळू द्या

उजव्या हाताने काळी तीन दाबून ठेवा आणि ती सोडू नका. डाव्या हाताने पांढरी सातला सा मानून सा-ग-प एकदम वाजवा, सगळे सूर शुद्ध. दाबून ठेवलेला सूर इथे पंचम आहे, भक्कम आणि शांत. आता सा पांढरी सहावर आणून तेच तीन सूर वाजवा, म्हणजे तोच सूर धैवत होतो. सा पांढरी पाचवर आणलात की तो शुद्ध निषाद होतो आणि वरच्या षड्जाकडे ओढ घेऊ लागतो. शेवटी सा काळी पाचवर घ्या. आता तो कोमल धैवत झाला आणि शेजारच्या पंचमाला घासू लागला. तुमचं बोट जागचं हललेलं नाही, तरी सूर तीन वेळा बदलला.

हा क्रम मी मनाने रचलेला नाही. ‘को-को’ ज्या ‘चेरोकी’ नावाच्या गाण्याच्या कॉर्डवर बेतलं आहे, त्याच्या मधल्या भागात आधार यांतल्या पहिल्या तीन मुक्कामांवरून जातो आणि तिथून चौथ्याकडे, म्हणजे गाण्याच्या मूळ सा कडे, परततो. प्रत्येक मुक्काम चार आवर्तनांचा, आवर्तन चार मात्रांचं. ‘को-को’ची लय मिनिटाला साधारण 300 मात्रांची आहे. म्हणजे सोळा मात्रांचा एक मुक्काम जेमतेम तीन सेकंद टिकतो, आणि त्या तीन सेकंदांतही आधी दोन वाटेवरचे कॉर्ड येऊन मग मुक्काम गाठला जातो.

बेबॉपचं उत्तर: बदल सुरांतूनच दाखवा

आता पांढरी एकला सा माना आणि त्याच सा वरून तीन कॉर्ड ओळीने वाजवा: रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म, मग सा-ग-प-नी. जॅझमधला सर्वांत नेहमीचा प्रवास हाच. चारही सूर वाजवून झाले की प्रत्येक कॉर्डमधले दोनच सूर ठेवा: म आणि सा, मग म आणि नी, मग ग आणि नी. पहिल्या बदलात सा एक पट्टी खाली उतरून नी होतो, दुसऱ्या बदलात म एक पट्टी उतरून ग होतो. साथ थांबवून एवढंच वाजवलं तरी कॉर्ड कुठे बदलला ते ऐकू येतं. बेबॉपचा गाभा हा आहे. वादक बदलाच्या नेमक्या क्षणी या सुरांपैकी एकावर येऊन पोचतो.

पण द्रुत लयीत, मात्रेला दोन सूर वाजवताना, नेमकं पोचायचं कसं? मधल्या कॉर्डवर हे करून पाहा. आता सा पांढरी पाचवर घ्या. कॉर्डचे सूर झाले सा, ग, प आणि कोमल नी. कोमल निषादाची अवरोही तान दुगुनीत घेतली तर सा-नी, ध-प, म-ग, रे-सा अशा जोड्या पडतात. मात्रेवर सा, ध, म, रे आले, म्हणजे पहिला सोडला तर कॉर्डचा एकही सूर ठोक्यावर नाही. तान गोड आहे, पण आधाराखालून घसरलेली वाटते. आता दोन्ही निषाद लागोपाठ घ्या: सा-शुद्ध नी, कोमल नी-ध, प-म, ग-रे. मात्रेवर सा, कोमल नी, प, ग आले. चारही कॉर्डचेच!

एका जादा सुराने आठ सूर झाले आणि चार मात्रा नेमक्या भरल्या. या सप्तकाला ‘बेबॉप स्केल’ हे नाव नंतरच्या शिक्षकांनी दिलं. आपल्या कानाला दोन्ही निषाद असे चिकटून आलेले खटकतील. इथे शुद्ध निषाद रागाचा स्वर नाही, ठोका साधण्यासाठी घेतलेलं एक पाऊल आहे.

हे जमलं की नाही याची परीक्षा सोपी आहे. साथ बंद करून नुसती तान वाजवा. कॉर्ड बदललेले ऐकू आले तर जमलं.

मोडलचं उत्तर: आधारच थांबवा

‘सो व्हॉट’साठी पांढरी दोनला सा माना आणि काळ्या पट्ट्यांना हात लावू नका. ऐकू येईल तो काफी थाट, ज्याला तिकडे डोरियन म्हणतात. रचना 32 आवर्तनांची: सोळा पांढरी दोनवर, आठ काळी दोनवर (तोच थाट, अर्धा स्वर वर), आणि पुन्हा आठ पांढरी दोनवर. मिनिटाला साधारण 136 मात्रा धरल्या तर मधला भाग 14 सेकंदांचा भरतो. शेवटची आठ आणि पुढच्या फेरीची पहिली सोळा आवर्तनं एकाच सा वर असल्याने तब्बल 42 सेकंद काहीच बदलत नाही. पार्करकडे तीन सेकंद होते.

याला राग म्हणण्याचा मोह टाळा. इथे वादी-संवादी नाहीत, चलन नाही, आणि मध्येच षड्जच सरकतो. थाटाने फक्त कोणते सूर चालतील ते सांगितलं, कुठे थांबायचं ते सांगितलं नाही. माझ्या मते म्हणूनच हा मार्ग वाटतो तितका सोपा नाही. बेबॉपमध्ये चूक लगेच घासते. इथे कुठलाच सूर घासत नाही, त्यामुळे सप्तकात वर-खाली फिरत राहणं ही चूक आहे हे कळायलाही वेळ लागतो.

माइल्स काय करतो ते ऐका. तो छोटा वाक्यांश घेतो, थांबतो, त्याच वाक्यांशाचा शेवट बदलून परत येतो. कॉर्ड जे सांगत होते ते आता शांततेला आणि पुनरुक्तीला सांगावं लागतं. सरावात तीनच सूर निवडा, सा, कोमल ग आणि प. दोन आवर्तनं वाजवा, दोन गप्प बसा. काळी दोनवर जायची वेळ आली की तोच वाक्यांश तसाच वर उचला. पहिल्यांदा सरकलेला षड्ज चुकतोच, कारण इतका वेळ एकाच जागी राहून मात्रा मोजायचं भान सुटतं. तबल्याची आवर्तनं मोजतो तशी बोटांवर मोजा.

मग दोन्ही एकत्र ऐका

‘सो व्हॉट’मध्ये माइल्सनंतर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन येतो आणि त्यानंतर कॅननबॉल ॲडर्ली. आधार तोच असूनही ॲडर्लीच्या लांब, वळणदार ताना पार्करच्या घराण्यातल्या वाटतात. खाली कॉर्ड बदलत नसतानाही तो वर बदलल्याचा भास उभा करतो. कोल्ट्रेनने त्याच वर्षी मे महिन्यात उलटं टोक गाठलं. त्याच्या ‘जायंट स्टेप्स’मध्ये 16 आवर्तनांत 26 कॉर्ड आहेत. त्या मुद्रणात पियानोवर टॉमी फ्लॅनगन आहे. त्याची एकल पाळी ऐका: सुरुवात तानेने होते, पण पुढे ती तुटत जाते आणि शेवटी नुसते कॉर्ड उरतात. काळी तीनवर बोट ठेवून जे ऐकलं होतं, तेच इथे एका कसलेल्या वादकाच्या हाताखाली ऐकू येतं.