निष्कर्ष आणि शिफारशी: आधीच्या प्रकरणांची पुनरावृत्ती टाळून शेवटचे प्रकरण कसे लिहावे

बी.एड. किंवा एम.एड.च्या लघुसंशोधनातील शेवटचे प्रकरण बहुतेक वेळा चौथ्या प्रकरणातील वाक्ये उचलून तयार होते, आणि त्यामागे आळसापेक्षा निरीक्षण व निष्कर्ष यांतील फरक स्पष्ट नसणे हेच कारण अधिक असते. तपासलेल्या मुलांमध्ये काय आढळले हे निरीक्षण सांगते, तर त्यावरून संशोधनाच्या प्रश्नाला कोणते उत्तर मिळाले आणि ते किती खात्रीने देता येते, हे निष्कर्षात यायला हवे.

एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत सोबत घेऊ. समजा, जिल्हा परिषदेच्या एका शाळेत इयत्ता चौथीच्या 28 विद्यार्थ्यांना काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या वापरून तीन आठवडे हातच्याची वजाबाकी शिकवली. 20 गुणांच्या चाचणीत पूर्वचाचणीचे मध्यमान 8.2 आणि उत्तरचाचणीचे 13.6 आले. उद्दिष्टे दोन होती: मुलांच्या चुकांचे प्रकार शोधणे आणि या कृतींचा परिणाम तपासणे.

पहिली पायरी म्हणजे चौथे प्रकरण मिटून ठेवणे. कोऱ्या कागदावर प्रत्येक उद्दिष्ट प्रश्नाच्या रूपात लिहावे आणि त्याखाली, तक्ता न पाहता, एका-दोन वाक्यांत उत्तर द्यावे. तक्ता समोर असला की हात आपोआप आकडे उतरवू लागतो. उत्तर सुचत नसेल, तर अडचण लेखनात नसून विश्लेषणात आहे असे समजून आधी तिकडे परतावे.

दुसरी पायरी निष्कर्षाची आहे आणि सर्वाधिक वेळ तिलाच द्यावा. ‘उत्तरचाचणीचे मध्यमान पूर्वचाचणीपेक्षा जास्त आढळले’ हे वाक्य चौथ्या प्रकरणात येऊन गेलेले असते. त्याऐवजी उत्तरपत्रिकांतील चुका काय सांगतात ते पाहावे. आपल्या उदाहरणात 52 – 27 चे उत्तर 35 लिहिणारी, म्हणजे वरचा-खालचा अंक न पाहता मोठ्यातून लहान अंक वजा करणारी मुले बरीच कमी झाली. परंतु 402 – 178 चे उत्तर 324 लिहिणारी, म्हणजे शून्याच्या जागी नऊ मांडून शतक मात्र कमी न करणारी मुले जवळपास तेवढीच राहिली. यावरून निष्कर्ष असा लिहिता येईल: ‘दशक सुटा करण्याची क्रिया प्रत्यक्ष काड्यांवर केल्यानंतर मोठ्यातून लहान वजा करण्याची चूक कमी झाली, मात्र दशकस्थानी शून्य असलेल्या उदाहरणांत तसा बदल दिसला नाही.’ या वाक्यात एकही आकडा नाही, तरीही ते चौथ्या प्रकरणातील मध्यमानापेक्षा अधिक सांगते.

तिसऱ्या पायरीत या विधानाची खात्री तोलावी. येथे नियंत्रित गट नव्हता; त्या तीन आठवड्यांत मुलांचा सरावही वाढला होता. म्हणून ‘काड्यांमुळेच सुधारणा झाली’ असे म्हणता येत नाही, आणि एका वर्गावरून ‘चौथीचे विद्यार्थी’ असे सरसकट लिहिणेही चुकीचे ठरते. मर्यादांची यादी पहिल्या प्रकरणात दिलेलीच असते. ती पुन्हा न देता, जी मर्यादा ज्या निष्कर्षाला बाधते ती त्याच परिच्छेदात एका वाक्यात सांगावी.

त्यानंतर शिफारशी. ‘शिक्षकांनी शैक्षणिक साधनांचा जास्तीत जास्त वापर करावा’ ही शिफारस संशोधन न करताही लिहिता आली असती, म्हणून ती वगळावी. प्रत्येक शिफारशीपुढे ती ज्या निष्कर्षातून निघाली त्याचा क्रमांक पेन्सिलीने मांडावा. क्रमांक सापडला नाही तर शिफारस काढून टाकावी. कोणी, केव्हा आणि काय करावे हे तिच्यात स्पष्ट असावे. उदाहरणार्थ: ‘दोन अंकी वजाबाकी काड्यांवर जमल्यानंतर, तीन अंकी उदाहरणांकडे वळताना, वर्गशिक्षकांनी शतकाचा गठ्ठा आधी दहा दशकांत आणि मग त्यांतील एक दशक सुट्या काड्यांत फोडण्याची कृती स्वतंत्रपणे घेऊन पाहावी.’ ‘घेऊन पाहावी’ हा शब्दप्रयोग येथे मुद्दाम केला आहे, कारण ही कृती या अभ्यासात तपासलेली नाही. तिची गरज तेवढी दिसली आहे. केंद्रप्रमुखांसाठी शिफारस करायची असेल, तर या चुकांच्या उत्तरपत्रिका शिक्षण परिषदेत चर्चेला ठेवाव्यात, इतकीच ती मर्यादित ठेवावी. राज्याचा अभ्यासक्रम बदलण्याची शिफारस 28 मुलांच्या आधारावर करू नये.

पुढील संशोधनासाठीच्या सूचनाही अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नातूनच याव्यात. येथे तो शून्याचा आहे. ‘हाच अभ्यास मोठ्या नमुन्यावर करावा’ एवढे लिहून थांबू नये.

विद्यापीठाच्या आराखड्यात सारांश अनिवार्य असेल, तर तो स्वतंत्र शीर्षकाखाली एका पानात संपवावा आणि निष्कर्षांत मिसळू देऊ नये. शेवटी चौथे आणि पाचवे प्रकरण शेजारी ठेवून वाचावे. जे वाक्य दोन्हीकडे जवळजवळ सारखे असेल ते पाचव्यातून खोडावे आणि खोडल्यावर उद्दिष्टाचे उत्तर अपुरे वाटते का, ते पाहावे. अपुरे वाटले, तर त्या जागी आकड्याऐवजी त्याचा अर्थ लिहावा.