सायकलने कामाला: रविवारी उरकायची तयारी

वजन उतरवायला सोमवारपासून सायकलने कामाला जायचं ठरलं असेल तर तयारी रविवारी दुपारीच उरका. सकाळी सातला पंप शोधत बसलात की पाय आपोआप मोटरसायकलकडं वळतात. हेल्मेट, पाणी, कुलूप घ्या, त्यावर बोलत नाही. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याप्रमाणे भरा. सीट मात्र नीट बघा. वर बसून टाच पॅडलवर टेकवा. पॅडल पार खाली गेल्यावर गुडघा सरळ झाला पाहिजे. बहुतेकांची सीट खालीच असते, आणि मग गुडघ्याची पुढची बाजू दुखायला लागते.

आणि डबा. कामावर पोचल्यावर काय खायचं ते रविवारी रात्रीच ठरवा आणि भरा. गेल्या वेळी माझ्याकडं सगळं होतं, हा डबा तेवढा नव्हता, आणि वजनाचा काटा जागचा हलला नाही.

का, ते आकड्यांत बघा. कोल्हापुरात राजारामपुरीतून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाणारा 75 किलोचा माणूस धरू. अंतर आठेक किलोमीटर, ताशी 16 च्या वेगानं अर्धा तास. बसल्या जागी शरीर तासाला किलोमागं साधारण एक कॅलरी जाळतं; या वेगाला त्याच्या 6.8 पट. म्हणजे 75 × 6.8 × 0.5, झाल्या 255. पण त्यातल्या 38 खुर्चीत बसूनही जळल्याच असत्या, म्हणून सायकलच्या नावावर 217. जाऊन-येऊन 430. सिग्नलला थांबणं, उतारावर पाय न मारता जाणं वजा करा आणि 350 च धरा. मोबाइलवरचा आकडा याहून मोठा दिसला तर हुरळू नका, त्यात बसल्या जागच्या कॅलरीही मिसळलेल्या असू शकतात. आठवड्याला पाच दिवस म्हणजे 1750. किलोभर चरबीत सुमारे 7700 कॅलरी असतात, तेव्हा एक किलो जायला साडेचार आठवडे. तेही खाणं आहे तेवढंच राहिलं तर!

आणि ते राहत नाही. गेटसमोरच्या गाड्यावर ओळखीचा कोणीतरी उभाच असतो: "ये भावा, सायकल मारून आलायस, एक मिसळ तर हाण की." कटावर तरंगणारा तो लाल थर म्हणजे तेल, मोठ्या चमच्याला 120 कॅलरी. वर फरसाण, बाजूला ब्रेड. प्लेट 500 च्या घरात सहज जाते. जाण्याचा घाम गेला, येण्याचाही गेला, सकाळी नऊलाच. संध्याकाळी वाट वाकडी करून गंगावेशीत म्हशीचं दूध प्यायलात तर अर्ध्या लिटरला आणखी साडेचारशेच्या वर. दूध चांगलंच आहे, पण ते जेवण समजून प्या, पाणी समजून नको.

म्हणून डबा. दोन उकडलेली अंडी आणि चपाती, किंवा मुगाची उसळ आणि अर्धी भाकरी. आणि हा डबा जादाचा नाही, घरच्या न्याहारीऐवजी आहे. घरी पोहे खाऊन वर डबाही खायचा असेल तर मिसळच खा, निदान चव तरी लागेल.

वेग असा ठेवा की सलग वाक्य बोलता येईल, गाणं म्हणता येणार नाही. विद्यापीठाकडच्या चढाला गिअर आधीच हलका करा. उजवा गुडघा 15 सेकंदांत 18 ते 20 वेळा वर यायला हवा. बारा-तेरा वेळाच येत असेल तर गिअर जड आहे, गुडघे बोंबलतील. पहिल्या दिवशी मोपेडशी शर्यत लावणारा तिसऱ्या दिवशी घरी झोपलेला असतो.

रस्त्यावर: हायवेवर सर्व्हिस रोडच धरा. उसाचा हंगाम असेल तर ट्रॉलीशेजारून डावीकडनं घुसू नका. ऊस बाहेर आलेला असतो, दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्या तर मागची वळणावर आत येते, आणि ट्रॅक्टरवाल्याला तुम्ही दिसतच नाही. मागं राहा, पाच मिनिटं उशीर होऊ दे. उभ्या मोटारींपासून दाराच्या रुंदीहून जास्त लांब राहा, दार कधीही उघडतं. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

मधुमेहाला इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, वाटेत साखर घसरू शकते. खिशात ग्लुकोज ठेवा. छातीत दुखलं तर थांबा, आणि थांबूनही दुखतच असेल तर थेट दवाखाना.

बाकी पटापट. बदलायचा शर्ट आणि टॉवेल कामावरच ठेवा. वजन रोज करू नका, पहिल्या दोन आठवड्यांत स्नायूंत पाणी धरल्यानं ते वाढूही शकतं. रविवारी बेंबीपाशी टेप लावा. पावसाळ्यात चेनला तेल, मडगार्ड, आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक नको. डबा भरला का?