दोन पूर्णांकी चलांचे समीकरण: आधी मसावि, मग सगळ्या उकली

21x + 15y = 141 यासारख्या समीकरणाच्या पूर्णांकी उकली हव्या असतील, तर प्रथम सहगुणकांचा मसावि काढावा. 21 = 15 + 6 आणि 15 = 2 × 6 + 3 या भागाकारांवरून तो 3 येतो. डावी बाजू नेहमी 3 च्या पटीत असल्याने उजवी बाजूही तशी असावीच लागते. 141 ला 3 ने भाग जातो, म्हणून उकल आहे, पण 140 असते तर शोधाशोध तिथेच थांबवावी.

हेच भागाकार उलट क्रमाने लिहिले की 3 = 15 − 2 × 6 = 3 × 15 − 2 × 21 मिळते. दोन्ही बाजूंना 47 ने गुणल्यास x = −94, y = 141 ही एक उकल हाती येते.

सर्व उकली लिहिताना मात्र मूळ सहगुणक न घेता मसाविने भागलेले घ्यावेत: x = −94 + 5t, y = 141 − 7t, जिथे t कोणताही पूर्णांक आहे. कोणत्याही दोन उकलींमधील x चा फरक m आणि y चा फरक n मानल्यास 7m = −5n असते, आणि 7 व 5 यांत 1 शिवाय सामाईक विभाजक नसल्याने m हा 5 च्याच पटीत येतो; म्हणून यादीतून काहीही सुटत नाही.

चुकून 15t आणि 21t लिहिले, तर येणारी प्रत्येक जोडी ताळ्यात बरोबरच ठरते, त्यामुळे ही चूक सहसा लक्षात येत नाही. प्रत्यक्षात t = 19 आणि t = 20 ने मिळणाऱ्या (1, 8) आणि (6, 1) या दोनच धन उकली आहेत, आणि त्या चुकीच्या सूत्रातून दोन्ही निसटतात.