साखर पडतेय आणि वर लिहिलंय ‘हळद’: रेसिपी व्हिडिओ जोडताना या चुका टाळा

कांदेपोह्यांचा व्हिडिओ घ्या. पदार्थ सोपा आहे, पण एडिटिंगमध्ये भल्याभल्यांना रडवतो. दोन मिनिटांत चौदा-पंधरा जिन्नस पडतात, त्यातले चार फोडणीतच, एकामागोमाग एक. बिघडलेल्या टाइमलाइन दुरुस्तीला येतात तेव्हा त्यात त्याच त्या चुका असतात. त्यातल्या दोन सविस्तर सांगण्यासारख्या आहेत.

कटिंग संपायच्या आधीच नावं टाकणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती होते निव्वळ घाईने. पहिली क्लिप टाकली की लगेच तिच्यावर ‘२ वाट्या जाडे पोहे’ लिहून बघायचा मोह होतो. छान दिसतं, मग पुढच्या क्लिपवरही लिहिलं जातं. अशी चौदा नावं लिहून झाली की लक्षात येतं, सुरुवातीला हात पुसण्यातच तीन सेकंद गेलेत.

दुरुस्तीला आलेल्या एका टाइमलाइनमध्ये नेमकं हेच झालं होतं. ००:१८ ला तीन सेकंद कापले होते, ००:५२ ला आणखी दीड. खालचा व्हिडिओ मागे सरकला, पण नावं वरच्या ट्रॅकवर जिथल्या तिथे राहिली. हळदीचं नाव १:०४ ला होतं. चित्रातली हळद मात्र आता साडेचार सेकंद आधीच पडत होती, आणि १:०४ ला हात साखर भुरभुरत होता. पांढऱ्या साखरेवर ठळक अक्षरांत ‘हळद, पाव चमचा’. बरं, सगळी नावं एकदम उचलून मागे नेऊन भागत नव्हतं. पहिल्या कटानंतरची तीन सेकंद उशिरा होती आणि दुसऱ्यानंतरची साडेचार. एकेक नाव हाताने बसवावं लागलं, आणि ते झाल्यावर टाइमलाइनच्या मालकांना कांदा परततानाचे आणखी दोन सेकंद लांब वाटले!

आमची सवय अशी. आधी फक्त चित्र आणि आवाज जोडायचा. अख्खा व्हिडिओ एकदा फोनवर, एकदा मोठ्या पडद्यावर बघायचा, आणि आता एकही फ्रेम कापायची नाही असं ठरलं की मगच पहिलं नाव टाइप करायचं. तोवर जागा लक्षात ठेवायला मार्कर आहेत. DaVinci Resolve मध्ये क्लिप निवडून `M` दाबलं की मार्कर क्लिपला चिकटतो आणि क्लिप सरकली की तिच्यासोबत जातो. क्लिप न निवडता दाबलं तर तो टाइमलाइनवर बसतो, मग पुन्हा तीच रड. नावं टाकून झाल्यावरही कुणी बदल सुचवणारच असेल, तर ‘फोडणी’, ‘परतणं’, ‘वाफ’ अशा टप्प्यांतली चित्रं आणि त्यांची नावं एकत्र निवडून, राइट क्लिक करून New Compound Clip करा. मग टप्पा कुठेही हलवला तरी नावं त्याच्याबरोबर राहतात. टप्प्याच्या आत काही बदलायचं असेल तर Open in Timeline.

फोडणीत प्रत्येक जिन्नसाला वेगळं नाव

नाव कधी यावं? जिन्नस तेलात पडल्यावर नव्हे. चमचा घेतलेला हात फ्रेममध्ये शिरतो तेव्हा. पडेपर्यंत वाचून झालेलं हवं. जायचं केव्हा, तर जिन्नस पडून सेकंदभर झाला की. एकूण दोन ते अडीच सेकंद, त्याहून कमी नको. नाव आणि प्रमाण मनातल्या मनात सावकाश वाचून बघा. तुमचं वाचून व्हायच्या आत ते गेलं, तर पहिल्यांदा बघणाऱ्याचं निम्मंही होणार नाही.

फोडणीत हे गणित कोलमडतं. समजा मोहरी ००:३१ ला पडली. ती तडतडायला पाच सेकंद गेले. हिंग ००:३६ ला, कढीपत्ता दीड सेकंदाने आणि मिरची त्यानंतर दीड सेकंदाने. हिंगाचं नाव अडीच सेकंद ठेवलं तर ते जायच्या आत कढीपत्त्याचं येऊन त्याच्यावर बसतं. यावर नवशिक्यांचे दोन उपाय ठरलेले: नाव सेकंदभरात उडवायचं, नाहीतर क्लिप स्लो करायची. पहिल्यात काही वाचता येत नाही. दुसऱ्यात तडतड ओढल्यासारखी ऐकू येते, आणि हिंग पडल्यावर किती झटपट पुढचं टाकायचं हे बघणाऱ्याला कळतच नाही. फोडणी जळते ती इथेच.

इथे यादी रचा. एकाच कोपऱ्यात, एकाखाली एक. मोहरीची ओळ ००:३१ ला आली की तिथेच राहू द्या. ००:३६ ला तिच्याखाली हिंग, मग कढीपत्ता, ००:३९ ला मिरची. चारही ओळी ००:४२ पर्यंत थांबतात आणि एकदम जातात. कांदा ००:४४ ला येतो तेव्हा फ्रेम मोकळी असते. शेवटच्या मिरचीलाही तीन सेकंद मिळतात. उभ्या व्हिडिओत ही यादी वरच्या डाव्या बाजूला घ्या, कारण खाली आणि उजवीकडे ॲपची बटणं आणि मजकूर असतात.

आणि एकेक अक्षर टाइप होत येणारं ॲनिमेशन देवनागरीला लावू नका. ‘कढीपत्ता’ येताना वेलांट्या सुट्ट्या पडतात, जोडाक्षरं अर्धवट दिसतात. अख्खी ओळ फेड करून आणा, सहा-सात फ्रेम पुरतात. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, शिरोरेखा तुटते.

ट्रान्झिशन

चक्राकार फिरणारं, पान उलटणारं, झूम होऊन फुटणारं, हे सगळं वापरून झालं असेल तर आता काढून टाका. स्वयंपाकाच्या व्हिडिओत साधा कट सगळ्यात स्वच्छ, आणि तो हालचालीवर मारायचा. वरून घेतलेल्या शॉटमध्ये हात कढईकडे निघाला की कट, बाजूच्या शॉटमध्ये तोच हात पोहोचतोय. डिझॉल्व्ह फक्त वेळ गेला हे सांगायला. पोह्यांत अशा दोनच जागा: कांदा पारदर्शक होताना आणि झाकण ठेवून वाफ काढताना. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर बारा ते पंधरा फ्रेमचा पुरे.

डिझॉल्व्ह लागत नाही म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या घालणाऱ्यांनी क्लिपची टोकं बघावीत. दोन्ही क्लिपना कटापलीकडे जास्तीचं फुटेज लागतं. मोहरी हातातून सुटतानाच रेकॉर्ड दाबलं आणि पडताक्षणी थांबवलं, तर डिझॉल्व्ह कशावर बसणार? प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर तीन सेकंद सोडा.

चित्र कापलं तिथेच आवाज कापू नका. तडतड पुढच्या शॉटखाली आठ-दहा फ्रेम ओढून घ्या, कट कानाला जाणवत नाही.

उरलेलं

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. हळदीने फ्रेम पिवळी झाली की फोन ती सावरायला जातो, आणि वाट्यांतलं खोबरं निळसर दिसायला लागतं.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर शटर १/५० वर लॉक करा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. हे एडिटिंगमध्ये नीट निघत नाही.

व्हिडिओच्या शेवटी आवाज ओठांच्या मागे पडत असेल तर फोनने फ्रेम रेट कमी-जास्त केलाय. जोडण्याआधीच तो स्थिर करून घ्या:

```
ffmpeg -i pohe.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 18 -c:a copy pohe_25.mp4
```

३० ला शूट केलं असेल तर इथे ३० लिहा आणि टाइमलाइनही ३० चीच करा. Resolve मध्ये टाइमलाइनवर क्लिप टाकल्यावर हा आकडा बदलता येत नाही.