क्रशला फक्त तुमचं असं एक नाव कसं द्यावं

कोल्हापुरात नाव पडायला वेळ लागत नाही. तालमीत, मंडळात, कॉलेजच्या कट्ट्यावर कुणीतरी एकदा काहीतरी म्हणतं आणि त्या माणसाचं खरं नाव लोक विसरून जातात. पण ती नावं चारचौघांची असतात. आवडत्या माणसाला द्यायचं नाव दोघांपुरतं असतं, आणि ते पडावं लागतं. आधी ठरवून चिकटवलेलं नाव लगेच ओळखू येतं. 'पिल्लू', 'शोना', 'बेबी' ही नावं म्हणूनच अवघडल्यासारखी वाटतात. ती कुणालाही लागू पडतात, आणि समोरच्याला कळतं की यात आपलं असं काही नाही.

आधी बोलणं कुठवर आलंय ते बघा

तुमच्यात अजून 'तुम्ही' चालू असेल तर नावाचा विचार बाजूला ठेवा. 'तू'वर आल्यानंतरही थोडं थांबावं. समोरची व्यक्ती तुमची सहज चेष्टा करते का, हे बघावं. तुम्ही उशिरा आलात, शर्टाचं बटण चुकीचं लावलंत, यावर ती हसून बोलत असेल तर तुमच्याकडूनही चेष्टा चालेल एवढी मोकळीक तयार झालेली असते. चेष्टा एकाच बाजूनं चालत असेल तर नाव देणं म्हणजे त्याच चेष्टेत भर.

कोल्हापूरपुरतं आणखी एक सांगतो. ती तुम्हाला 'भावा' म्हणते म्हणून निराश होऊ नका. इथं मुलीही मित्राला 'भावा' म्हणतात, रिक्षावाल्यालाही म्हणतात आणि चिडल्यावर तर हमखास म्हणतात. त्यावरून होकार-नकार काहीच कळत नाही.

नाव घडलेल्या गोष्टीतून घ्या

टिकणारी नावं बहुतेक दोनच ठिकाणांहून येतात: त्या व्यक्तीची एखादी सवय किंवा लकब, नाहीतर दोघांनी मिळून अनुभवलेला एखादा प्रसंग. दोन्ही एकत्र आले तर उत्तमच. त्यासाठी डोकं खाजवत बसायचं नाही, फक्त आठवडा-दोन आठवडे नीट ऐकायचं. ती कुठला शब्द पुन्हा पुन्हा वापरते, कुठलं काम न सांगता स्वतःकडे घेते, कशावर तिचा चेहरा खुलतो.

एक उदाहरण धरून चालू. विद्यापीठात शिकणारा एक मुलगा, त्याच्या ग्रुपमधली एक मुलगी. चौघं मिसळ खायला जातात. बिल होतं ३४० रुपये. नेटवर्क गेलेलं, प्रत्येकाच्या मोबाईलवर पैसे पाठवण्याचं चक्र नुसतं फिरतंय, मागं गिऱ्हाईक उभं. ती पिशवीतून चेन लावलेलं छोटं पाकीट काढते, सगळ्यांचे पैसे भरते आणि बाहेर आल्यावर वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढं ८५ लिहिते. दुसऱ्या दिवशी हा शंभरची नोट देतो, तर ती मोजून पंधरा रुपये त्याच्या हातावर ठेवते. तो म्हणतो, "राहू दे की." ती म्हणते, "हिशेब म्हणजे हिशेब."

इथं नावासाठी सगळं काही आहे. सवय तिची, प्रसंग दोघांचा, आणि मुख्य म्हणजे या गोष्टीचा तिला स्वतःला अभिमान आहे. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माणसाला स्वतःबद्दल जे आवडतं त्यावरून पडलेलं नाव त्याला गोड लागतं. जे तो लपवतो त्यावरून पडलेलं नाव कितीही लाडानं घेतलं तरी बोचतं. म्हणून उंची, रंग, वजन, दात, आवाज, आडनाव, जात, गाव, नापास झालेला विषय यातलं काहीही घेऊ नका. ती स्वतः त्यावर विनोद करत असली तरी नाही. तो विनोद करायचा हक्क तिचा.

घरातलं लाडाचं नावही उचलू नका. आई तिला 'चिमू' म्हणते हे तुम्हाला कळलं असेल, पण ते नाव आईचं आहे. तुमच्या तोंडून ते आलं तर ती दचकेल, आणि ते बरोबरच आहे.

नाव तोंडात घोळवून बघा

त्या मुलाच्या मनात पहिल्यांदा आलं 'चिल्लर'. चेन लावलेलं पाकीट, मोजून दिलेली नाणी, सगळं जुळतंय. पण 'चिल्लर माणूस' म्हणजे किरकोळ, बिनकामाचा. ती क्षणभर हसली असती आणि घरी जाऊन विचार करत बसली असती. म्हणून प्रत्येक नावाचा दुसरा अर्थ तपासायचा, आणि तो कोल्हापूरच्या रस्त्यावर काय होतो तेही बघायचं. पुस्तकात साधा असलेला शब्द गल्लीत शिवी असू शकतो.

दुसरं सुचलं 'कंडक्टर'. वाईट नाही, पण बसमधल्या गर्दीपलीकडं त्यात काही जात नाही. मग आलं 'खजिनदार'. प्रत्येक पेठेत, प्रत्येक गणेश मंडळात अध्यक्षापेक्षा ज्याला लोक जास्त मानतात तो खजिनदार. वर्गणीचं पुस्तक आणि भरवसा दोन्ही त्याच्याकडं. या नावात चेष्टा आहे, पण तिला वर बसवणारी. शिवाय ते हाक मारायला जमतं: "काय खजिनदार?" नाव ठरवताना ही परीक्षा जरूर घ्या. 'काय' किंवा 'अगं', 'अरे' लावून मोठ्यानं म्हणा. जीभ अडखळली किंवा स्वतःलाच लाज वाटली तर ते नाव नको.

मूळ नावच बदलून वापरायचं असेल तर शेपटाकडं लक्ष द्या. मुलाच्या नावाला '-या' लावला, प्रकाशचा पक्या, सचिनचा सच्या, की ते तालमीतल्या दोस्तीचं होतं. मुलीनं आवडत्या मुलाला असं म्हटलं तर तो तिला जिगरी मैत्रीण समजून मोकळा होईल. मुलींच्या नावाला '-ई' लावली, सुमनची सुमी, तर त्यात रागावलेल्या काकूचा सूर येतो. '-ऊ' मऊ आहे, पण लहान बाळाला लावतात तसा. ओळख नवीन असताना तोही जड जातो. म्हणूनच मी म्हणतो, सुरुवातीला मूळ नाव मोडू नका, प्रसंगातून आलेला अख्खा शब्द घ्या.

पहिल्यांदा कसं म्हणायचं

जाहीर करू नका. "मी तुझं एक नाव ठेवलंय, सांगू?" असं म्हटलं की ती परीक्षेला बसल्यासारखी होते. आवडलं नाही तरी हसावं लागतं. नाव वाक्याच्या आत, कामाच्या बोलण्यात आलं पाहिजे, आणि ज्या प्रसंगातून ते आलं त्याच्या जवळपासच आलं पाहिजे. महिन्याभरानं, मूळ प्रसंग विसरल्यावर म्हटलं तर आधी समजावून सांगावं लागतं, आणि समजावलेलं नाव मेलेलं असतं.

आपल्या उदाहरणात संधी चालून येते. आठवड्यानं दोघं रंकाळ्यावर भेळ घेतात. पैसे देताना तो खिसा चाचपतो आणि म्हणतो, "खजिनदार, सुट्टे हायत काय?" बस. पुढचं वाक्य नेहमीचं: उद्या लेक्चर किती वाजता, तू कुठनं येणार. हाक मारल्यावर तिच्या तोंडाकडं बघत थांबायचं नाही. तसं थांबलात की ती हाक राहत नाही, प्रश्न होतो.

पहिल्यांदा तोंडानंच म्हणा, मेसेजवर नको. मेसेजमध्ये सूर कळत नाही आणि लिहिलेला शब्द ती पाच वेळा वाचते. सोबत मित्रही नकोत. चौघांपुढं म्हटलंत तर सायंकाळपर्यंत सगळा ग्रुप तिला खजिनदार म्हणू लागेल, आणि मग ते नाव ग्रुपचं. पण 'एकटं' म्हणजे निर्जन जागी गाठून नव्हे. रंकाळ्याची गर्दी चांगली. आजूबाजूला माणसं आहेत, पण ऐकणारं ओळखीचं कुणी नाही.

आणि त्या दिवशी एकदाच. दुसऱ्यांदा म्हणायचा मोह होतो, पण आवरा. नंतर तिच्या खऱ्या नावानंच बोला.

उत्तर ओळखा

नाव आवडलं की माणूस त्या भूमिकेत शिरतो. तिनं पाकीट उघडत "मंडळाची परवानगी घेतलास काय?" असं विचारलं, किंवा दोन दिवसांनी तुमच्याकडून दहा रुपये घेताना "पावती मिळणार न्हाई" म्हटलं, तर नाव रुजलं. आता आठवड्यातून एक-दोनदा म्हणा, आणि पैशाशी संबंध नसलेल्या बोलण्यातही हळूहळू येऊ द्या.

ती नुसती हसली आणि विषय पुढं गेला, तर ते होही नाही, नाहीही नाही. आठवडाभर सोडून द्या आणि प्रसंग जुळला तर आणखी एकदा म्हणून बघा. दुसऱ्या वेळीही तसंच झालं तर थांबा.

हसू अर्ध्यावर मावळलं, उत्तरं तुटक झाली, "असं का म्हणतोस?" हे चेष्टेच्या सुरात आलं नाही, किंवा मेसेजमध्ये अचानक तुमचं पूर्ण नाव यायला लागलं, तर तिला ते नको आहे. मग एवढंच म्हणा: "आवडलं नसेल तर सॉरी, पुन्हा म्हणणार न्हाई." मला कसं सुचलं, माझा हेतू काय होता, हे सांगत बसू नका. त्यामुळं तुमची समजूत काढायचं काम तिच्यावर येतं. आणि शब्द पाळा. नाव नाकारलं म्हणजे माणूस नाकारला असं नसतं, तसंच नाव स्वीकारलं म्हणजे प्रेमाला होकार दिला असंही नसतं. ते विचारायचं असेल तेव्हा तिच्या खऱ्या नावानं, सरळ विचारावं लागेल.

नाव जपायचं ते असं

भांडणात ते कधीही वापरू नका. "हो, तू मोठी खजिनदार!" एवढं एकदा रागात निघालं की पुढं लाडानं म्हटलेलंही टोमण्यासारखं ऐकू येतं. ती आजारी असताना, रडताना, घरच्या काळजीत असतानाही खरं नावच बरं. मोबाईलमध्ये नंबर त्या नावानं सेव्ह करायचा असेल तर स्क्रीन कुणाकुणाला दिसते याचा विचार करा. 'खजिनदार'चा फोन आला तर घरच्यांना मंडळाचं काम वाटेल, पण 'जानू' दिसलं तर तिला नको असलेले प्रश्न दोन्ही घरांत सुरू होतील.

मित्रांच्या कानावर गेलंच आणि त्यांनी ते उचललं, तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यानं सगळं आणखीच उघडं पडतं. काही दिवस तुम्हीच ते वापरणं बंद करा. मूळ माणूसच म्हणत नाही म्हटल्यावर ग्रुपला लवकर कंटाळा येतो. ती एकटीच असताना "आता खजिनदार म्हणत न्हाईस?" असं विचारेल, तेव्हा परत सुरू करा.